प्रदर्शनात मिळालेल्या कार्डाच्या मागं काय लिहायचं

प्रश्न: आमच्या महिला बचत गटाची दारव्हा तालुक्यात पीकेव्ही मिनी डाळ मिल आहे. दोन प्रदर्शनांत स्टॉल लावला, साठेक कार्डं जमा झाली, पण एकही ऑर्डर आली नाही. कार्ड द्यायची-घ्यायची नीट पद्धत काय, मागं काय लिहून ठेवायचं आणि नंतर फोन कधी नि कसा करायचा?

उत्तर:

ताई, घोळ बहुधा स्टॉलवरच होतो. माणूस बोलून पुढं जातो, कार्ड डब्यात पडतं, आणि रात्री डबा उघडला की विनापॉलिश डाळ कोण मागत होता आणि नुसता भाव विचारून कोण गेला, हे उमगत नाही. मग सगळ्यांना एकसारखा मेसेज जातो आणि कोणीच उत्तर देत नाही. म्हणून फोनाचं नंतर बघू, आधी स्टॉलवरचं बघू.

कार्ड भेटल्याबरोबर पुढं करू नका. येणाऱ्याच्या हातावर आधी डाळ ठेवा, दोन वाक्यं बोलू द्या. त्याला किती माल लागतो, कुठं लागतो हे कळलं की मग कार्ड काढा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हँडबिलासारखं वाटलेलं कार्ड मंडपाच्या बाहेरच जमिनीवर सापडतं. स्टॉलवर बसलं की हाताला डाळीचा भुरका लागलेला असतोच, तेव्हा शेजारी एक कोरडं फडकं ठेवा आणि हात पुसून मगच कार्ड धरा. चकचकीत कार्डावर भुरक्याचा अंगठा उमटला की तो जात नाही. कार्ड उजव्या हातानं द्यावं, डावा हात उजव्या कोपराला लावून. वयस्क माणूस असेल तर दोन्ही हातांनी. अक्षरं त्याच्या बाजूनं सरळ हवीत, म्हणजे त्याला कार्ड फिरवावं लागत नाही. नुसत्या डाव्या हातानं देणं आपल्याकडं बरं दिसत नाही. दुसऱ्या हातात वजनाचं पाकीट असेल तर ते आधी खाली ठेवा. तीन-चार जण एकत्र आले असतील तर आधी वडीलधाऱ्याला द्या, मग बाकीच्यांना. बोलणारा पोरगा असला तरी दुकानाचा मालक त्याच्या मागं गुपचूप उभा असतो, असं फार वेळा असतं.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक करतात. तुमचं कार्ड देण्याआधी त्याच्या मागं तुम्हीच एक ओळ लिहा, घेणाऱ्याच्या देखत. उदाहरणार्थ, “विनापॉलिश तूर, १ किलो पाकीट, नवा माल फेब्रुवारीत”. तुमच्या डब्यात साठ कार्डं असतील तर त्याच्या खिशातही तीस-चाळीस असतात. रात्री लॉजवर खिसा रिकामा करताना त्याला तुमचं नाव आठवणार नाही, पण स्वतः मागितलेला माल लिहिलेला दिसला की तुमचा स्टॉल आठवेल. शिवाय तुम्ही लिहित असताना तो थांबतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात बरेचदा खरी गोष्ट सांगतो: “पन्नास किलोनं सुरू करू, पण भाव दुकानपोच पाहिजे.”

यासाठी कार्डाची मागची बाजू कोरी आणि लिहिता येण्यासारखी असली पाहिजे. छापखान्यात साधारण साडेतीन इंच बाय दोन इंचाचं कार्ड करतात, आणि न विचारता दोन्ही बाजूंनी ग्लॉसी लॅमिनेशन मारून देतात. त्यावर बॉलपेन घसरतं आणि जेलपेनची शाई अंगठ्यानं पुसली जाते. छापायला देताना स्पष्ट सांगा: जाड कागद (३०० जीएसएम), लॅमिनेशन पुढच्या बाजूलाच, मागची बाजू कोरी आणि बिनालॅमिनेशनची. मोबाइल नंबर मोठ्या इंग्रजी आकड्यांत छापा, कारण नागपूर-रायपूरकडचे व्यापारी देवनागरी वाचतात पण नंबर लावताना देवनागरी आकड्यांवर अडखळतात. नंबर बदलला तर जुन्या कार्डावर पेनानं खाडाखोड करून देऊ नका. गटातल्या एखादीनं नंबर बदलला म्हणून कार्ड वाया जाऊ नये, यासाठी गटाच्या नावानं एकच सिम घेऊन तोच नंबर छापलेला बरा.

कार्ड घेताना उठून घ्या आणि घेतल्यावर वाचा. नाव आणि गाव मोठ्यानं म्हणा: “म्हणजे तुमचं दुकान इतवारीत का, भाऊ?” नाव चुकीचं वाचलं असेल तर तो तिथंच दुरुस्त करतो, आणि घाऊक विकतो की किरकोळ हेही याच प्रश्नातून निघतं. कार्ड समोरच्या टेबलावर ठेवायला हरकत नाही, पण त्यावर चहाचा कप किंवा डाळीचं पाकीट ठेवू नका. आपल्या भागातल्या पुष्कळ कार्डांवर वर “॥ श्री ॥” असतं, कोपऱ्यात गजानन महाराज किंवा गणपती असतो. असं कार्ड खाली पडू देऊ नका, चपलांजवळच्या खोक्यात टाकू नका आणि मागच्या खिशात घालून त्यावर बसू नका. देणारा माणूस बोलत नसला तरी बघत असतो.

समोरच्याकडं कार्ड नसेल, आणि गावाकडच्या निम्म्या लोकांकडं नसतंच, तर आपलंच एक कार्ड उलटं करून त्यावर त्याचं नाव, गाव आणि नंबर लिहून घ्या. लगेच त्या नंबरवर एक मिस कॉल द्या. दहापैकी एक आकडा चुकला असेल तर तो समोर असतानाच कळतं, आणि तुमचा नंबरही त्याच्या फोनात जातो. “सेव्ह करून ठेवा भाऊ, दारव्ह्याची डाळ म्हणून” एवढं सांगा. याचा उपयोग पुढं होतो, तो सांगतोच.

कार्डाच्या मागं लिहायचं ते कधी? माणूस स्टॉलवरून हलल्यावर पाच मिनिटांच्या आत. संध्याकाळवर ठेवलं की दोन गिऱ्हाइकांचं बोलणं एकमेकांत मिसळतं आणि चुकीच्या माणसाला चुकीचा भाव जातो. समोर असताना लिहावं लागलंच तर “विसरू नये म्हणून टिपून घेऊ का?” असं विचारून, मागच्या बाजूला, तेही फक्त त्याच्या मागणीचं. माणसाबद्दलचा शेरा त्याच्या देखत लिहायचा नाही. खरं तर नंतरही लिहायचा नाही, कारण हेच कार्ड उद्या गटातल्या दुसऱ्या बाईच्या हातात, परवा त्याच्याच ओळखीच्या माणसाच्या हातात जाऊ शकतं. “उधारी नको” एवढं लिहिणं पुरतं.

पेन महत्त्वाचं आहे. समोरच्याचं कार्ड तुमच्या मनासारखं छापलेलं नसणार, बहुधा दोन्ही बाजूंनी चकचकीत असणार. त्यासाठी सीडीवर लिहायचं बारीक टोकाचं परमनंट मार्कर जवळ ठेवा. लिहून अर्धा मिनिट थांबा, मग अंगठा फिरवून बघा. पुसलं नाही तर कार्ड डब्यात टाका. ओलं असताना एकावर एक ठेवलं तर मागच्याची शाई पुढच्याच्या नावावर उमटते. कधी मागच्या बाजूला कॅलेंडर किंवा खताच्या नावांची यादी छापलेली असते आणि लिहायला जागाच नसते. मग कार्डाएवढा कागद कापून कोपऱ्यात स्टेपल करा. पिन नावावर किंवा देवाच्या चित्रावर मारू नका. रबराचा गठ्ठा करू नका, उन्हात रबर कार्डाला चिकटतं आणि काढताना छपाई निघते.

आता लिहायचं काय. पाच गोष्टी पुरतात: कधी-कुठं भेट झाली, काय मागितलं, किती आणि कसं मागितलं, आपण काय कबूल केलं आणि कोणत्या तारखेपर्यंत, आणि फोन कधी करायचा. यातली चौथी सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच लिहायची राहते. लोक समोरच्याची मागणी टिपतात, स्वतःचा शब्द टिपत नाहीत.

एक कार्ड पूर्ण करून दाखवतो. पंजाबराव देशमुखांची जयंती २७ डिसेंबरला असते आणि त्या सुमारास अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मोठं कृषी प्रदर्शन भरतं. समजा तिथं नागपूरचा एक किराणावाला तुमच्या स्टॉलवर आला. डाळ दाताखाली धरून बघितली, म्हणाला विनापॉलिश चालते पण सुटी नको, पाकिटात पाहिजे, पन्नास किलोनं सुरू करू, भाव दुकानपोच सांगा, आणि आधी नमुना पाठवा. त्याच्या कार्डामागं असं लिहिलं जावं:

२७/१२ अकोला
विनापॉलिश तूर, १ किलो पाकीट
५० किलो, दुकानपोच भाव मागितला
आपण: अर्धा किलो नमुना + भाव, ५ जाने. पर्यंत
फोन दु. १ ते ४, महिन्याच्या १० तारखेनंतर

शेवटची ओळ तुम्ही विचारली म्हणून मिळते. किराणा दुकानात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात याद्यांची गर्दी असते आणि रोज संध्याकाळी काउंटर मोकळा नसतो. तेव्हा आलेला फोन “नंतर करा” म्हणून ठेवला जातो आणि ते “नंतर” कधी येत नाही. शेतकरी गिऱ्हाईक असेल तर उलट: तूर काढणीच्या दिवसांत दिवसा फोन उचलला जात नाही, रात्री आठनंतर करावा लागतो. व्यापारी, शेतकरी, सरकारी कार्यालय, प्रत्येकाची मोकळी वेळ निराळी, म्हणून ती कार्डावर लिहायची.

तारीख देताना स्वतःला सांभाळा. वरच्या कार्डावर पाच जानेवारीपर्यंत नमुना द्यायचा शब्द आहे, माल द्यायचा नाही. आपल्याकडं तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, मग तिला तेल-पाणी लावून वाळवायची, मग भरडायची. ढगाळ वातावरण आलं तर वाळवणं आणखी लांबतं. स्टॉलवरच्या उत्साहात “संक्रांतीपर्यंत नवी डाळ पोचवतो” असं बोललं जातं आणि फेब्रुवारी उजाडतो. नमुना जुन्या मालाचा असेल तर पाकिटावर तसं लिहा. नवा माल रंगानं आणि शिजण्यात वेगळा निघाला की दुकानदाराला वाटतं नमुना एक दाखवला नि माल दुसरा दिला.

त्याच रात्री मुक्कामावर कार्डांचे तीन ढीग करा. पहिल्यात ज्यांना काही कबूल केलं ते. दुसऱ्यात ज्यांना हंगामात माल लागेल, पण आज काही द्यायचं नाही ते. तिसऱ्यात नुसती ओळख: मशीनवाले, पॅकिंगवाले, बँकेचे, दुसऱ्या गटांचे. साठातली दहा-बारा पहिल्या ढिगात निघाली तरी पुष्कळ झालं. काम त्यांच्यावरच करायचं. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि नंबर सेव्ह करताना नावाआधी माल नि गाव टाका, “तूर नागपूर किराणा” असं. सहा महिन्यांनी आडनाव आठवत नाही, माल आठवतो.

पहिला मेसेज दोन दिवसांच्या आत, एकेकाला वेगळा. त्यात तुमच्या गटाची माहिती शेवटी येऊ द्या, त्याचं बोलणं आधी:

“नमस्कार भाऊ. २७ तारखेला अकोल्याच्या प्रदर्शनात आपली भेट झाली. तुम्ही विनापॉलिश तूर डाळ १ किलोच्या पाकिटात विचारली होती. ठरल्याप्रमाणे अर्धा किलो नमुना आणि ५० किलोचा दुकानपोच भाव ५ जानेवारीपर्यंत पाठवते. नमुना कार्डावरच्या पत्त्यावरच पाठवू ना? दारव्हा डाळ मिल, महिला बचत गट.”

शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. “हो” म्हणायला त्याला एक सेकंद लागतो, आणि त्या “हो”नं पत्ता पक्का होतो, नंबर व्हॉट्सॲपवर चालू आहे हेही कळतं. मेसेज गेलाच नाही तर कार्डावरचा दुसरा नंबर बघा. पुष्कळ दुकानांचा पहिला नंबर साध्या फोनाचा असतो. लांबलचक माहितीपत्रक, सकाळचे सुविचार, देवाचे फोटो या नंबरवर पाठवू नका. न विचारता ग्रुपमध्ये तर अजिबात टाकू नका, व्यापारी बाहेर पडतो आणि नंबरही ब्लॉक करतो.

ब्रॉडकास्ट लिस्टवरून भाव पाठवणारे पुष्कळ गट आहेत, आणि मग म्हणतात की उत्तर येत नाही. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. बाकीच्यांना तो गेलेलाच नसतो. म्हणून स्टॉलवर मिस कॉल देऊन “सेव्ह करा” म्हणायचं.

भाव सांगताना आकडा फोडून सांगा. समजा मिलवरचा भाव किलोला ११० रुपये आहे, पाकीट आणि लेबलचे ४ रुपये, आणि ५० किलोचं नागपूरपर्यंतचं भाडं २५० रुपये, म्हणजे किलोला ५. दुकानपोच ११९ झाले. शंभर किलो नेले आणि भाडं ४०० झालं तर किलोला ४, म्हणजे ११८. हे दोन्ही आकडे एकाच मेसेजमध्ये द्या, आणि भाव किती दिवस धरून आहे तेही लिहा: “हा भाव १५ जानेवारीपर्यंत.” डाळीचा भाव चढ-उताराचा. तारीख लिहिली नाही तर तो मार्चमध्ये तोच मेसेज पुढं करून त्याच भावानं माल मागेल, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. जीएसटी धरून की वेगळा, हेही एका शब्दात लिहा.

नमुन्याच्या पाकिटात आपलं कार्ड घाला, पण कोरं नको. मागं लिहा: “अकोला २७/१२, तुम्ही मागितलेली विनापॉलिश तूर, १ किलो पाकीट, ११९ दुकानपोच.” पार्सल उघडणारा बहुतेक वेळा नोकर असतो. त्यानं ते कार्ड मालकापुढं ठेवलं की काम झालं.

नमुना पोचल्यावर तीन-चार दिवस द्या. डाळ घरी शिजवून बघितल्याशिवाय किराणावाला बोलत नाही. वरच्या कार्डावर दहा तारखेनंतर लिहिलंय, म्हणून बारा-तेरा जानेवारीला दुपारी फोन करा. पहिलं वाक्य “ऑर्डर देता का?” नको, “डाळ शिजवून पाहिली का, भाऊ? कशी शिजली?” हे हवं. उत्तरातून अडचण कळते. शिजायला वेळ लागला म्हणाला तर किती वेळ भिजवली विचारा. रंग काळपट म्हणाला तर ती पॉलिश न केल्याची खूण आहे हे सांगा आणि गिऱ्हाइकाला सांगायला पाकिटावर तशी ओळ टाकून देऊ म्हणा. भाव जास्त म्हणाला तर शंभर किलोचा आकडा पुढं करा. फोन ठेवल्याबरोबर निकाल त्याच कार्डावर खाली लिहा: “१३/१: रंगाची शंका, नव्या मालाचा फोटो मागितला, फेब्रु. पहिला आठवडा.” म्हणजे पुढच्या वेळी गटातली दुसरी कोणीही फोन करू शकते आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.

उत्तर आलं नाही तर किती वेळा विचारायचं? मेसेज, फोन आणि नवा माल आल्यावर एक मेसेज, एवढं तीनदा. त्यानंतर कार्डावर “३ वेळा, उत्तर नाही” लिहून दुसऱ्या ढिगात टाका. चौथ्यांदा विचारलं की पुढच्या प्रदर्शनात तो तुमचा स्टॉल टाळून जातो.

ऑर्डर आली आणि उधारीवर माल मागितला तर कार्डावरचा जीएसटी नंबर services.gst.gov.in वर टाकून बघा. पंधरा अक्षरांच्या या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. त्यातलं सहावं अक्षर व्यवसायाचा प्रकार सांगतं: P म्हणजे एकट्याचा धंदा, F म्हणजे भागीदारी, C म्हणजे कंपनी. कार्डावर “प्रायव्हेट लिमिटेड” छापलंय आणि सहाव्या जागी P आहे, तर माल भरण्याआधी विचारणा करा. नोंदणी रद्द झालेली असेल तर तेही तिथंच दिसतं.

राहिली तुमच्याकडची जुनी साठ कार्डं. गटातल्या स्टॉलवर बसलेल्या सगळ्याजणी एकदा एकत्र बसा आणि एकेक कार्ड हातात घेऊन आठवा. एकीला चेहरा आठवतो, दुसरीला बोलणं. ज्यांचं काही आठवलं त्यांच्या मागं आजच लिहा आणि उशीर कबूल करून मेसेज करा: “प्रदर्शनात भेट झाली होती, आमच्याकडून उत्तर राहून गेलं. तुम्हाला अजून विनापॉलिश तूर लागते का?” ज्यांचं काहीच आठवलं नाही त्यांना मनानं मागणी चिकटवू नका. “आपली भेट झाली होती, आम्ही तूर डाळ करतो, तुम्हाला कोणता माल लागतो?” एवढंच विचारा, आणि जे उत्तर देतील त्यांच्याच कार्डामागं तारीख टाकून सुरुवात करा.